वॉरंटी संपली म्हणून ऑईलचा नंबर बदलू नका

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशा नऊही तालुक्यांतल्या मोटारसायकल आणि कारमालकांना, गॅरेजवाल्या भावांना आणि ऑईल विकणाऱ्या दुकानदारांना ही विनंती आहे. उन्हाळा चढायच्या आत ती तुमच्यापर्यंत पोचावी म्हणून घाईनं लिहितोय. ऊन तापायला लागलं की आपल्याकडं दरवर्षी एक गोष्ट होते. वॉरंटी संपलेल्या गाडीचा मालक शोरूमच्या सर्व्हिसला जाणं बंद करतो, जवळच्या फिटरकडं येतो आणि म्हणतो, "आता जुनी झाली, जरा जाड ऑईल टाका." फिटर वीस-पन्नासचा डबा काढतो आणि ओततो. गाडी कोणती, तिच्या हँडबुकात कोणता नंबर आहे, हे दोघांपैकी कुणीच बघत नाही.

यंदा अशा गाड्यांची संख्या मोठी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि त्यानंतर कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनच्या मोटारसायकली आल्या. बऱ्याच मोटारसायकलींना पाच वर्षांची वॉरंटी होती. सुरुवातीला घेतलेल्या त्या गाड्या आता वॉरंटीबाहेर पडल्या आहेत आणि रोज पडत आहेत. या गाड्या जुन्या काळच्या नाहीत, पण त्यांच्यात ओतलं जाणारं ऑईल मात्र जुन्या काळच्या समजुतीनं निवडलं जातंय.

माझी विनंती सरळ आहे. वॉरंटी ही कंपनीनं दिलेल्या हमीची तारीख आहे. त्या तारखेला इंजिनाच्या आत काहीही बदलत नाही. काल जो नंबर बरोबर होता तो आजही बरोबर आहे. बदलायचाच असेल तर हँडबुकातल्या तक्त्यात जेवढी मुभा आहे तेवढाच बदला, आणि इंजिनात काय बिघडलंय ते आधी बघून बदला.

नंबर म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ. आपल्याकडच्या बऱ्याच शंभर-सव्वाशे सीसी मोटारसायकलींना कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातल्या वागण्याचा आहे आणि मागचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरच्या जाडीचा. मागचा ३० म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला ऑईलची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असली पाहिजे. ५० म्हणजे तीच जाडी १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. म्हणजे तापलेल्या इंजिनात वीस-पन्नास हे दहा-तीसपेक्षा साधारण पावणेदोन पट जाड असतं. गार असताना हा फरक आणखी वाढतो आणि हिवाळ्यातल्या पहाटे तो जवळजवळ तिपटीवर जातो.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. पुष्कळांना वाटतं की गार असताना ऑईल पातळ आणि तापल्यावर घट्ट व्हावं अशी काहीतरी जादू या दोन आकड्यांत आहे. तसं नाही. कोणतंही ऑईल तापलं की पातळच होतं. दहा-तीस ऑईल तीस अंशांना जेवढं जाड असतं, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंच ते शंभर अंशांना उरतं. म्हणजे सकाळी किक मारता त्या वेळी तुमच्या इंजिनातलं ऑईल, ते कुठल्याही नंबरचं असो, गरजेपेक्षा कितीतरी जाड असतं. मल्टीग्रेड ऑईलमधली मिसळणं एवढंच करतात की तापल्यावर ते साध्या ऑईलइतकं पातळ पडू देत नाहीत. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पातळ ऑईल हवं असतं आणि दुपारी तापल्यावर पुरेसं जाड हवं असतं. कंपनीचा नंबर या दोन गरजांमधला तोल आहे.

हा तोल कशापासून वाचवतो, ते तीन ठिकाणी बघा.

पहिलं ठिकाण म्हणजे गाडी सुरू होतानाचे पहिले काही क्षण. रात्रभरात वरचं ऑईल खाली तळाशी उतरलेलं असतं. कॅम आणि रॉकर वरच्या हेडमध्ये असतात, आणि पंप तिथपर्यंत ऑईल चढवेपर्यंत तिथला धातू फक्त मागे राहिलेल्या पापुद्र्यावर चालतो. इंजिनाची झीज बऱ्याच अंशी याच वेळी होते. जाड ऑईल बारीक वाटांतून हळू चढतं, त्यामुळं हा उपाशी काळ लांबतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत, आणि पहाटे दूध घेऊन निघणाऱ्याला ते नोंदवही न बघताही कळतं. अशा सकाळी वीस-पन्नास ऑईल गोठत नाही, गाडीही सुरू होते. वीस-डब्ल्यूला तर उणे पंधरा अंशांपर्यंत इंजिन फिरू देण्याची अट असते. पण गाडी सुरू होणं वेगळं आणि वर ऑईल पोचणं वेगळं.

दुसरं ठिकाण म्हणजे तापलेला, ताणाखालचा पातळ थर. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातली जागा मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी असते, म्हणजे केसापेक्षाही बारीक. त्या फटीत ऑईलचा थर टिकला तर लोखंड लोखंडाला लागत नाही. इथं शंभर अंशांची जाडी पुरेशी सांगत नाही, म्हणून दीडशे अंशांना, जोरात रगडून, वेगळी जाडी मोजतात. ३० नंबरच्या ऑईलला तिथं किमान २.९ लागते, २० नंबरला २.६, १६ नंबरला २.३. एकक मिलिपास्कल-सेकंद आहे, ते लक्षात ठेवायची गरज नाही. आकडे खाली जाताना बघा म्हणजे झालं. ज्या इंजिनाचे बेअरिंग, पंप आणि वाटा ३० साठी आखल्या आहेत, त्यात कुणी अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून १६ किंवा २० टाकलं, तर मे महिन्यातल्या दुपारी, मागं दोन माणसं आणि समोर चढ असताना, हा थर तुटायला वेळ लागत नाही. म्हणून पातळ दिशेची चूक मी जाड दिशेच्या चुकीपेक्षा जास्त गंभीर मानतो. जाड ऑईलचं नुकसान सावकाश होतं. पातळ ऑईलचं नुकसान एका दुपारीही होऊ शकतं.

तिसरं ठिकाण म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणारे भाग. हे मोटारसायकलीपेक्षा कारमध्ये जास्त असतात. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हॉल्व्हची वेळ मागंपुढं करणारी यंत्रणा ऑईलच्या दाबावर हलतात. त्यांच्या वाटा आणि बारीक जाळ्या एका ठरावीक जाडीसाठी आखलेल्या असतात. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या कारमध्ये वीस-पन्नास ओतलं तर सकाळी ती चेन काही वेळ खुळखुळते आणि व्हॉल्व्हची यंत्रणा मागं पडते. कधी कधी चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मग मालक सेन्सर बदलायला पैसे घालतो.

जाड ऑईलच्या बाजूनं बोलणारे एक गोष्ट नेहमी सांगतात, की प्रेशर वाढतो. ते खरं आहे. पण प्रेशर वाढणं म्हणजे ऑईल जास्त वाहणं नव्हे. ऑईलचा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं माप पुढं ढकलतो. पुढं अडथळा जास्त असला की दाब वाढतो. दाब मर्यादेबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑईल बेअरिंगकडं न जाता थेट तळाशी परत पडतं. म्हणजे गेजचा काटा वर दिसतो आणि बेअरिंगमधून वाहणारं ऑईल कमी होतं. बेअरिंगमधली उष्णता बाहेर नेण्याचं कामही याच वाहत्या ऑईलचं असतं.

आता उन्हाळ्याचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा जाड ऑईल हवं की नको? याचं प्रामाणिक उत्तर गाडीगणिक वेगळं आहे. पाण्याच्या कूलिंगच्या कारमध्ये थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान बऱ्यापैकी एका जागी धरून ठेवतात. बाहेर पंचवीस असो की चव्वेचाळीस, आतलं ऑईल जवळपास तेवढ्याच उष्णतेत काम करतं. त्यामुळं परभणीत ऊन जास्त आहे म्हणून कारचं ऑईल बदलायचं कारण फार लंगडं आहे. हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलीत मात्र बाहेरची गरमी थेट ऑईलपर्यंत पोचते. बाहेर पंधरा अंश वाढले की ऑईलही साधारण तेवढंच जास्त तापतं. एक नंबर वर चढणं, म्हणजे ३० वरून ४० वर जाणं, दहा-बारा अंशांच्या वाढीची भरपाई करतं. शंभर अंशांना ३० नंबर जेवढं जाड असतं, तेवढंच ४० नंबर एकशे दहा-बारा अंशांना असतं. म्हणून हवेवर थंड होणारी गाडी असेल, रोज भर उन्हात ओझं घेऊन चालत असेल आणि तिच्या हँडबुकात बाहेरच्या तापमानानुसार नंबरांचा तक्ता असेल, तर त्या तक्त्यात दिलेला वरचा नंबर उन्हाळ्यापुरता वापरायला काहीच हरकत नाही. ती मुभा कंपनीनंच दिलेली आहे. पण ३० वरून थेट ५० वर उडी, आणि तीही वर्षभरासाठी, ही मुभा नाही.

एक गाडी तुमच्यासमोर उघडून दाखवतो.

जिंतूर रस्त्यावरच्या एका गावातून रोज पहाटे दूध घेऊन परभणीत येणाऱ्या एका भाऊंची शंभर सीसी मोटारसायकल माझ्या गॅरेजात आली. पाच वर्षं पूर्ण, अठ्ठावन्न हजार किलोमीटर. वॉरंटी संपल्यावर दुसरीकडं त्यांनी वीस-पन्नास टाकून घेतलं होतं, कारण हेडमधून टकटक येत होती. ऑईल बदलल्यावर दुपारी आवाज जरा दबला, म्हणून सगळे खूश झाले. पण मग तीन गोष्टी सुरू झाल्या. पहाटे सुरू केल्यावर टकटक पहिल्यापेक्षा जास्त वेळ येऊ लागली. गार गाडी पहिल्या गिअरमध्ये घालताना झटका द्यायची आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडत नव्हता. आणि पेट्रोल जरा जास्त लागू लागलं.

दुसरी गोष्ट कशामुळं होते ते समजून घ्या, कारण ती तुम्हालाही ओळखता येईल. मोटारसायकलीत क्लच प्लेटा इंजिन ऑईलमध्येच बुडालेल्या असतात. ऑईल गार आणि जाड असलं की क्लच दाबूनही प्लेटा एकमेकींना चिकटून ओढत राहतात. म्हणून गिअर झटक्यानं पडतो आणि न्यूट्रल लागत नाही. फिटरला वाटतं क्लच गेला, आणि चांगल्या प्लेटा बदलल्या जातात.

आम्ही गाडी रात्रभर गार होऊ दिली, कारण टॅपेट गार इंजिनावरच तपासायचे असतात. सकाळी टॅपेटची झाकणं काढली, पिस्टन वरच्या टोकाला, कॉम्प्रेशनच्या फेऱ्यावर आणला आणि हँडबुकातल्या मापाची फीलर गेजची पट्टी फटीत घातली. ती अडखळायला हवी होती, पण एक्झॉस्टच्या बाजूला ती मोकळी आत-बाहेर होत होती. टकटक टॅपेटची होती. ती ऑईलनं कशी जाणार? जाड ऑईलनं आवाज फक्त गादीत गुंडाळला होता. टॅपेट मापात बसवले, ऑईल काढलं, जाळी धुतली, हँडबुकातलं दहा-तीस मापानं भरलं. टकटक गेली, न्यूट्रल लागायला लागला.

एक गोष्ट मात्र उरली. गाडी पाच-दहा मिनिटं उभी ठेवून सुरू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर एकदाच यायचा आणि जायचा. हे व्हॉल्व्हच्या सीलचं लक्षण आहे. रबर उष्णतेनं कडक होतं, गाडी उभी असताना ऑईल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपून आत जातं आणि सुरू होताना जळतं. रिंगा गेल्या असत्या तर धूर पिकअप घेताना, ओझ्यावर, सतत आला असता. जाड ऑईल झिरपायला वेळ लावतं, म्हणून धूर कमी दिसतो आणि मालकाला वाटतं दुरुस्त झालं. पण सील तसंच कडक राहतं. ऑईल जळतच राहतं, आणि बीएस-सहा गाडीच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर त्याची राख आणि फॉस्फरस बसत जातात. या गाडीला सील बदलले. त्यासाठी हेड उतरवावं लागलं, काम जास्त होतं, पण ते एकदाच करायचं काम आहे.

"झीज झाली, फटी वाढल्या, म्हणून जाड ऑईल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर इथं सविस्तर देतो. झीज सगळीकडं सारखी होत नाही. वेळेवर ऑईल बदललेल्या गाडीत पन्नास-साठ हजार किलोमीटरला बेअरिंगच्या फटी फारशा वाढलेल्या नसतात. सगळ्यात आधी सील, टॅपेट, चेन आणि मग रिंगा जातात. या सगळ्यांना मापानं दुरुस्त करता येतं. जाड ऑईल धातू परत भरून देत नाही. ज्या इंजिनाच्या रिंगा आणि बोअर खरंच गेले आहेत, ज्याचं कॉम्प्रेशन मोजून कमी आलंय आणि ज्याच्या बोअर कामाला अजून सुगीचे पैसे यायचे आहेत, त्या इंजिनाला दोन-चार महिने ढकलण्यासाठी एक नंबर जाड ऑईल टाकलं तर मी नाव ठेवणार नाही. पण तो उपचार नाही, मुदत आहे. ती मुदत आहे हे मालकाला तोंडावर सांगितलं पाहिजे, कारण नाहीतर त्या ऑईलवर गाडी वर्षानुवर्षं चालवली जाते आणि मग क्रँकही बदलावा लागतो.

आता पातळ दिशेचं. कारमालकांमध्ये सध्या एक नवी सवय आली आहे. शेजाऱ्याच्या नव्या गाडीला शून्य-सोळा लागतं, ती अ‍ॅव्हरेज देते, म्हणून आपल्या जुन्या, पाच-तीसच्या गाडीतही तेच टाकायचं. दोन गाड्यांचं इंजिन वेगळं, पंप वेगळा, बेअरिंग वेगळं. जाडी कमी केल्यानं पेट्रोलची बचत खरी आहे, पण ती दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि टायरमधल्या हवेनंही तेवढा फरक पडतो. ज्या इंजिनाला कंपनीनं १६ दिलं आहे, ते त्यासाठी आखलेलं आहे. ज्याला ३० दिलं आहे, त्यात ३० च्या खाली जाऊ नका.

याहून वाईट प्रकार गावाकडं होतो. कारच्या सर्व्हिसमध्ये उरलेलं अर्धा लिटर ऑईल फेकवत नाही म्हणून मोटारसायकलीत ओततात. कारच्या पुष्कळ पातळ ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी मिसळणं असतात. कारमध्ये ती फायद्याची आहेत. मोटारसायकलीत त्याच ऑईलमध्ये क्लच असतो आणि क्लचला घर्षणच हवं असतं. मग इंजिन ओरडतं, गाडी पुढं जात नाही, आणि क्लच प्लेटा जळतात. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर नंबराशिवाय आणखी एक खूण बघायची: जासो एमए किंवा एमए२. ओल्या क्लचसाठी हीच. एमबी लिहिलेलं ऑईल बहुतेक स्कूटरसाठी असतं, कारण त्यांचा क्लच ऑईलमध्ये नसतो. नंबर दोन्हींचा दहा-तीस असला तरी एमबीचा डबा गिअरच्या मोटारसायकलीत ओतू नका, जोवर तुमच्याच हँडबुकात तसं लिहिलेलं नाही.

मग नेमकं काय करायचं? गाडीचं हँडबुक शोधा. घरात लोखंडी कपाटात आरसीसोबत ठेवलेलं असतं. शेवटच्या पानांवर तांत्रिक माहितीत इंजिन ऑईल असं लिहून तीन गोष्टी असतात: नंबर, एपीआयची पायरी, आणि मोटारसायकल असेल तर जासो. सोबत माप असतं, म्हणजे ऑईल बदलताना किती मिली भरायचं ते. तापमानाचा तक्ता असेल तर तोही तिथंच. फोटो काढा आणि फोनमध्ये ठेवा. हँडबुक हरवलं असेल तर बऱ्याच कारच्या ऑईल भरायच्या झाकणावरच नंबर कोरलेला असतो, आणि बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर हँडबुक फुकट मिळतं. पुढच्या वेळी फिटरकडं गेल्यावर त्याला तो फोटो दाखवा आणि डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. भीड बाळगू नका. चांगला फिटर यावर रागावत नाही.

ऑईलची लेव्हल स्वतः बघायला शिका. कितीतरी इंजिनांचा सत्यानाश नंबरानं नाही, रिकाम्या लेव्हलनं होतो. मोटारसायकल सपाट जागी मेन स्टँडवर लावा. तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून फडक्यानं पुसा आणि परत घाला. बऱ्याच गाड्यांत ती न पिळता फक्त टेकवायची असते, हँडबुकात तसं लिहिलेलं असतं. पिळून घातली तर लेव्हल खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि गाडी कमी ऑईलवर चालत राहते. दर पंधरा दिवसांनी बघा. किती टाकावं लागलं आणि किती किलोमीटरला, ते पेट्रोलच्या पावतीमागं का होईना लिहून ठेवा. फिटरला धुराच्या रंगापेक्षा तो आकडा जास्त सांगतो.

आणखी एक गोष्ट तपासा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, किंवा न टाकता लेव्हल वर गेली, तर पेट्रोल ऑईलमध्ये उतरतंय. तेव्हा दहा-तीस असो की वीस-पन्नास, आतमध्ये ते पातळच झालेलं असतं. अशा वेळी जाड ऑईल टाकणं म्हणजे गळक्या घागरीत जास्त पाणी भरणं आहे. आधी इंजेक्टर किंवा कार्बोरेटर बघा, मग ऑईल बदला.

बदलायच्या अंतराबद्दल माझं मत ठाम आहे. मोटारसायकलीत तेच ऑईल गिअरचे दातही रगडतात. त्या रगड्यात जाडी टिकवणारी मिसळणं तुटत जातात आणि दहा-तीसचं ऑईल शेवटी शेवटी ३० च्या खाली उतरू शकतं. म्हणून हँडबुकातलं अंतर ओलांडलेल्या महाग, जाड ऑईलपेक्षा वेळेवर बदललेलं साधं, बरोबर नंबरचं ऑईल कितीतरी चांगलं. शेतातली वाट, खडीच्या ट्रकमागचा रस्ता, उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ, यातून रोज जाणाऱ्यांनी अंतर कमीच ठेवावं आणि एअर फिल्टर लवकर साफ करावा. फिल्टरमधून सुटलेली बारीक माती रिंगा खाते, आणि त्यावर कोणत्याही नंबरचं औषध नाही.

दुकानदारांना विनंती, सुट्टं ऑईल विकू नका. पिंपातल्या ऑईलचा नंबर कुणालाच माहीत नसतो. गिऱ्हाईक गाडीचं नाव सांगतो तेव्हा त्याला डबा देण्याआधी विचारा, हँडबुकात काय आहे. गॅरेजवाल्यांना विनंती, बिलावर नुसतं "ऑईल" न लिहिता नंबर आणि किलोमीटर लिहा, आणि रिकामा डबा तिथंच फोडून टाका, म्हणजे तो भरून परत बाजारात येणार नाही.

ज्यांनी आधीच वीस-पन्नास टाकलंय त्यांनी घाबरून आज ते काढायला धावू नये. लेव्हल बघा, सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट तशीच चालू द्या, लगेच जोरात रेस करू नका, आणि पुढचा बदल थोडा लवकर करून हँडबुकातल्या नंबरावर परत या. आत थोडं जुनं ऑईल उरतंच, ते नव्यात मिसळलं तरी नुकसान होत नाही. फ्लशिंगचं वेगळं रसायन या कारणासाठी घेऊ नका. ज्यांनी हँडबुकाच्या खालचा पातळ नंबर टाकलाय त्यांनी मात्र थांबू नये. या आठवड्यात बदला, आणि तोवर उन्हात ओझं घेऊन लांब जाऊ नका. कार चालू असताना ऑईलचा लाल दिवा लागला, तर पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्याचा विचारही करू नका. तिथंच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, लेव्हल बघा, आणि लेव्हल बरोबर असूनही दिवा विझत नसेल तर गाडी ओढून न्या.